सुडोकू स्पर्धेच्या बक्षिसांसाठी दुकानदाराला पत्र लिहिताना

नागपुरात एखाद्या कोडे मंडळाने सुडोकू स्पर्धा ठरवली की हॉल मिळतो, कोडी तयार होतात, नावंही येतात. अडतं ते बक्षिसांपाशी. मग जवळच्या स्टेशनरीच्या दुकानात पत्र नेऊन दिलं जातं आणि ते गल्ल्याखालच्या कागदांत जाऊन पडतं. पत्रात बहुधा ‘आपण यथाशक्ती सहकार्य करावे’ एवढंच असतं. काय द्यायचं, किती रुपयांचं, कोणत्या तारखेला आणि आपलं नाव कुठे दिसणार, यातलं काहीच दुकानदाराला त्यातून कळत नाही. तो नाही म्हणत नाही, ‘बघू’ म्हणतो, आणि त्या ‘बघू’वर दोन आठवडे निघून जातात.

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. लक्ष्मीनगरात रविवार, १० जानेवारी २०२७ रोजी ८० जणांची स्पर्धा आहे आणि त्याच भागातल्या स्टेशनरीच्या दुकानाकडून बक्षिसं हवी आहेत. आकडे तुमच्या स्पर्धेप्रमाणे बदला, क्रम तोच ठेवा.

आधी बक्षिसांची संख्या पक्की करा

पत्र लिहायला बसण्याआधी गट आणि बक्षिसं ठरलेली हवीत. आपल्या उदाहरणात तीन गट आहेत. तिसरी ते पाचवीच्या ३० मुलांना ६×६ ची कोडी, सहावी ते दहावीच्या ३० जणांना नेहमीची ९×९ ची, आणि २० जणांचा खुला गट, त्यांनाही ९×९ च पण अवघड. प्रत्येक गटात पहिलं, दुसरं, तिसरं. म्हणजे नऊ बक्षिसं.

हे नऊ खरंच नऊ राहतील का, हा सुडोकूतला खास प्रश्न आहे. नीट तयार केलेल्या कोड्याला एकच उत्तर असतं, त्यामुळे ज्यांनी ते पूर्ण सोडवलं त्या सगळ्यांच्या कागदावर तेच ८१ आकडे असतात. परीक्षकाला डावं-उजवं करायला जागाच नसते. कोडी जरा सोपी निघाली तर एका गटात सहा जणांना पूर्ण गुण पडतात आणि पहिलं बक्षीस एकच असतं. तिथे संयोजक घाईने ‘दोघांना पहिलं’ जाहीर करतात आणि दुकानदाराकडे आणखी एक बक्षीस मागायला जातात. पुढच्या वर्षी तो दुकानदार मिळत नाही.

म्हणून नियम आधीच लिहून ठेवा. पूर्ण बरोबर कोड्यालाच गुण, एक घर चुकलं तरी त्या कोड्याचे शून्य. गुण सारखे असतील तर ज्याने आधी कागद दिला तो पुढे. कागद घेणाऱ्या स्वयंसेवकाने कोपऱ्यात घड्याळातली वेळ मिनिट-सेकंदासह तिथल्या तिथे लिहायची, नंतर आठवून नाही. तरीही वेळ सारखीच निघाली तर त्या दोघांना दहा मिनिटांचं एक जादा कोडं. हे कोडं गटागणिक आधीच छापून पाकिटात बंद ठेवायचं. एवढं केलं की पत्रात ‘नऊ बक्षिसे’ असं छातीठोक लिहिता येतं.

कोड्यांबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण तिचा फटका प्रायोजकाच्या नावाला बसतो. कोड्याला दोन उत्तरं निघाली तर निकालाच्या वेळी पालक टेबलाभोवती जमतात, आणि तो गोंधळ ज्याचं नाव फलकावर आहे त्याच्या दुकानापर्यंत पोचतो. कोडी वर्तमानपत्रातून किंवा पुस्तकातून उतरवू नका. स्वतः तयार करा, उत्तर एकच आहे हे संगणकावर तपासा आणि शिवाय मंडळातल्या दोघांकडून हाताने सोडवून घ्या. छपाईत एखादा दिलेला आकडा गळला, तर एकच उत्तर असलेल्या कोड्याला अनेक उत्तरं निघू शकतात. त्यामुळे तपासणी छापून आलेल्या प्रतीवर करा, संगणकावरच्या मूळ प्रतीवर नाही.

कोणतं दुकान

इतवारीतला घाऊक व्यापारी ग्रोसवर माल विकतो. लक्ष्मीनगरातल्या ८० घरांत त्याचं नाव पोचलं काय नि न पोचलं काय, त्याच्या विक्रीत फरक पडत नाही. सीताबर्डीच्या मोठ्या दुकानात गिऱ्हाईक सगळ्या शहरातून येतं आणि अशी पत्रंही तितकीच येतात. स्पर्धेच्या हॉलपासून चालत जाण्याच्या अंतरावरचं, शाळेच्या वह्या-पेनं विकणारं दुकान आपल्या कामाचं. तुमचे स्पर्धक हेच त्याचं गिऱ्हाईक. इतवारी लक्षात ठेवा ती नकार आला तर पेन्सिली घाऊक भावाने घेण्यासाठी.

वेळ पाहून जा. विदर्भात उन्हाळ्यामुळे शाळा जूनच्या अखेरीस सुरू होतात, त्यामुळे जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत स्टेशनरीवाल्याला मान वर करायला फुरसत नसते. दिवाळीच्या तोंडावरही तेच. आपली स्पर्धा जानेवारीत आहे, २०२६ ची दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आटोपते, तेव्हा २८ नोव्हेंबरला पत्र द्यायचं. सहा आठवडे पुरतात. याहून उशीर केलात तर नकार मिळाल्यावर दुसऱ्या दुकानाकडे जायला वेळ उरत नाही.

काय मागायचं

इथे सर्वांत जास्त विचार करा. रोख पैसे मागू नका. लहान दुकानदाराला रोख देणं जड जातं आणि त्याचा हिशेब तुम्हालाही ठेवावा लागतो. वस्तू मागितल्या तर पडून राहिलेला माल मिळण्याची शक्यता असते, आणि मग तिसरीतल्या मुलाच्या हातात फायलींचा गठ्ठा येतो.

सगळ्यांना सोयीचं पडतं ते त्याच दुकानाचं कूपन. पाचशेचं कूपन दुकानदाराला पाचशेला पडत नाही, तर त्या मालाच्या खरेदी किमतीला पडतं. कूपन घेऊन येणारं मूल आईबाबांना बरोबर आणतं आणि बरेचदा कूपनापेक्षा जास्तीची खरेदी होते. मुलालाही हवं ते घेता येतं. मात्र कूपनाचा फायदा पत्रात समजावून सांगू नका. दुकानदाराला तो तुमच्याआधी कळतो, आणि आपण त्याला धंदा शिकवतोय असा सूर लागतो.

कूपनांच्या जोडीला पेन्सिली मागा. सुडोकू पेनने सोडवला की चुकलेला आकडा गिरवला जातो, तीन आहे की आठ ते तपासणाऱ्याला कळत नाही आणि तिथून वाद सुरू होतो. खोडरबर लावलेली एचबी पेन्सिल प्रत्येकाला दिली तर हा प्रश्न मिटतो. टूबी पेन्सिलीने घरांच्या कोपऱ्यात बारीक आकडे लिहिले की ते फासतात, म्हणून पत्रात एचबी असं स्पष्ट लिहा. बक्षीस नऊ जणांना मिळतं, पेन्सिल मात्र ऐंशी घरांत जाते. दुकानाच्या नावाची पट्टी त्या पेन्सिलीला चिकटवली तर तेवढा एक फायदा पुरेसा वाटून हो म्हणणारे दुकानदारही असतात.

आपल्या उदाहरणात प्रत्येक गटाला ५००, ३०० आणि २०० रुपयांची कूपनं, म्हणजे गटाला १,००० आणि तीन गटांना ३,०००. पेन्सिली आठ डझन, म्हणजे ९६. ऐंशी स्पर्धकांना आणि बाकीच्या सोळा टोक मोडलं की बदलून द्यायला. पाच रुपयांप्रमाणे ४८०. एकूण ३,४८० रुपये.

पत्र

एका कागदावर, एका बाजूला, एवढंच:

> प्रति,
> मालक,
> ________ स्टेशनरी, लक्ष्मीनगर, नागपूर
>
> दिनांक: २८ नोव्हेंबर २०२६
>
> विषय: १० जानेवारीच्या सुडोकू स्पर्धेसाठी कूपने व पेन्सिली मिळणेबाबत
>
> स.न.वि.वि.
>
> आमचे कोडे मंडळ रविवार, १० जानेवारी २०२७ रोजी सकाळी १० ते १ या वेळेत ________ हॉल, लक्ष्मीनगर येथे सुडोकू स्पर्धा घेत आहे. वर्तमानपत्रात रोज येणारे आकड्यांचे कोडे ठरलेल्या वेळेत सोडवण्याची ही स्पर्धा आहे. तिसरी ते पाचवी, सहावी ते दहावी आणि खुला असे तीन गट असून एकूण ८० जागा आहेत. आजपर्यंत ३४ जणांनी नावे दिली आहेत. बहुतेक स्पर्धक लक्ष्मीनगर, बजाजनगर व प्रतापनगर भागातील आहेत.
>
> या स्पर्धेसाठी आपल्याकडून पुढील सहकार्य मिळावे, ही विनंती:
> १. आपल्या दुकानाची ९ कूपने: प्रत्येक गटासाठी ५००, ३०० व २०० रुपयांचे एक (एकूण ३,००० रुपये)
> २. खोडरबर असलेल्या एचबी पेन्सिली, ८ डझन (अंदाजे ४८० रुपये)
>
> संपूर्ण सहकार्य शक्य नसल्यास एका गटाची तीन कूपने (१,००० रुपये) किंवा फक्त पेन्सिली दिल्या तरी चालेल.
>
> आपल्या दुकानाचे नाव हॉलमधील फलकावर, प्रत्येक प्रश्नपत्रिकेच्या तळाशी एका ओळीत आणि सर्व ८० प्रमाणपत्रांवर छापले जाईल. बक्षिसे आपल्या हस्ते द्यावीत, अशी इच्छा आहे. बक्षीस समारंभ दुपारी १२.३० वाजता असून अर्ध्या तासात संपेल.
>
> प्रवेश शुल्क प्रत्येकी ५० रुपये आहे. जमा होणारे ४,००० रुपये हॉल (२,५००), छपाई (९००) व प्रमाणपत्रे (६००) यांवर खर्च होतील.
>
> आपला निर्णय १२ डिसेंबरपर्यंत कळवावा, म्हणजे छपाईत आपले नाव घेता येईल. मी ५ डिसेंबरला दुपारी दुकानात येऊन भेटेन.
>
> आपला नम्र,
> (नाव, सही, मोबाइल क्रमांक)
> संयोजक

या पत्रात काय कशासाठी आहे

विषयाच्या ओळीतच ‘कूपने व पेन्सिली’ आहे. गल्ल्यावर बसलेला माणूस दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात पत्र उघडतो आणि बरेचदा विषयाच्या पुढे जातच नाही. ‘सहकार्याबाबत’ असं लिहिलं की त्याच्या डोळ्यांपुढे गणपतीची वर्गणी येते.

सुडोकू म्हणजे काय ते एका वाक्यात संपवलं आहे. स्मरणशक्ती, एकाग्रता, मुलांचं भविष्य यांवर परिच्छेद लिहायचा मोह आवरा. त्याने मागणी खाली ढकलली जाते आणि पत्र पाठपोट होतं.

‘आजपर्यंत ३४ जणांनी’ हा आकडा पत्र देण्याच्या दिवशीचा खरा आकडा असायला हवा. तिथे ‘५०० हून अधिक विद्यार्थी’ असं लिहिलं आणि दुकानदार बक्षीस द्यायला आला तर त्याला समोर ऐंशी खुर्च्या दिसतात. नावं अजून आली नसतील तर फक्त जागांची संख्या लिहा.

शुल्काचा परिच्छेद अनेकांना नको वाटतो, पण तोच सर्वांत उपयोगी पडतो. ‘फी घेता ना? मग बक्षिसं त्यातून का नाही आणत?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि लिहून दिलेला खर्च हे त्याचं नीट उत्तर आहे. रकमांची बेरीज जुळली पाहिजे. दुकानदार बेरीज करून बघतोच.

लहान मागणीचा पर्याय पत्रातच ठेवल्याने नकार देणं हा एकच मार्ग उरत नाही. मात्र पर्याय दोनच ठेवा. चार-पाच दिले की सगळे सर्वांत स्वस्त तेवढंच निवडतात.

आता नाव कुठे छापणार त्याबद्दल, कारण इथे उत्साहाच्या भरात नको ते कबूल केलं जातं. ‘प्रश्नपत्रिकेच्या तळाशी एका ओळीत’ हे शब्द मोजून लिहिले आहेत. ए-फोर कागदावर ९×९ ची दोन कोडी बसवताना एक घर १.३ सेंटिमीटरचं धरलं तर एक कोडं पावणेबारा सेंटिमीटर होतं आणि दोन मिळून साडेतेवीस. कागदाची उंची २९.७. उरलेल्या सहा सेंटिमीटरमध्ये समास, स्पर्धकाचं नाव, वेळेचा रकाना आणि दोन कोड्यांमधली मोकळी जागा बसवायची असते. तिथे पाव पानाची जाहिरात कबूल केली की घरं एक सेंटिमीटरच्या आत येतात, कोपऱ्यात बारीक आकडे लिहायला जागा राहत नाही आणि स्पर्धक हैराण होतात. मोठा लोगो हवा असेल तर तो प्रमाणपत्रावर आणि फलकावर द्या.

फलकही ‘हॉलमधील’ असाच लिहा. रस्त्यावर, खांबावर किंवा चौकात फलक लावायला महानगरपालिकेची परवानगी लागते, तेव्हा ती हाती असल्याशिवाय रस्त्यावरचा फलक कबूल करू नका.

दोन गोष्टी पत्रात मुद्दाम नाहीत. एक, कर. वस्तूंच्या रूपात दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरातली देणगीची सवलत मिळत नाही, आणि फुकट वाटलेल्या मालावर जीएसटीचं इनपुट क्रेडिट घेता येत नाही. दुकानदाराने विचारलं तर त्याच्या सीएला विचारायला सांगा, पत्रात करबचतीचं आमिष नको. दुसरी, स्पर्धकांचे मोबाइल क्रमांक. काही दुकानदार ‘यादी द्या, मेसेज टाकतो’ म्हणतात. स्पर्धकांत बहुतेक मुलं आहेत, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. त्याऐवजी दुकानाची पत्रकं हॉलच्या दारात ठेवू द्या, ज्याला हवं तो उचलेल.

पत्र देताना

पत्र मालकाच्या हाती द्या, नोकराकडे ठेवून येऊ नका. दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान, शाळा सुटून मुलांची गर्दी व्हायच्या आधी जा. नागपूरच्या बाजारात हिंदी सर्रास चालते, त्यामुळे मालक हिंदी बोलणारे असतील तर हिंदी प्रतही जवळ असू द्या. कागद दिल्यावर त्याची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, कारण निर्णय बहुधा रात्री घरी, भावाशी किंवा मुलाशी बोलून होतो.

बोलणं साधारण असं होतं:

‘काका, ८० मुलं-माणसं आहेत, याच भागातली. नऊ कूपनं आणि आठ डझन पेन्सिली हव्या होत्या.’

‘मागच्या वेळी एका मंडळाने नाव छापतो म्हणून सांगितलं, छापलंच नाही.’

‘प्रमाणपत्र छापायला जाण्याआधी तुम्हाला दाखवतो. तुम्ही बघून हो म्हणालात की मगच छापू.’

हे बोललात तर खरंच दाखवा. दुकानाच्या नावातली वेलांटी चुकली तर ऐंशी प्रमाणपत्रं वाया जातात.

मालकाचा मुलगा किंवा पुतणी भाग घेणार आहे का, हेही याच भेटीत विचारा. त्यांनी जरूर खेळावं, पण बक्षिसासाठी धरू नये, असं आधीच नम्रपणे सांगा. निकालानंतर हे सांगणं फार अवघड जातं.

होकार आल्यावर

त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेसेज पाठवा: काय देणार, किती, कोणत्या तारखेला. ‘ठरल्याप्रमाणे ९ कूपने व ८ डझन पेन्सिली, २ जानेवारीला दुकानातून घेऊन जातो’, एवढं पुरे. स्पर्धेच्या सकाळी माल घेऊ असं ठरवू नका, रविवारी दुकान उशिरा उघडलं तर ऐंशी जण पेन्सिलीविना बसतील.

कूपन कागदाचं साधं चालेल, पण त्यावर पाच गोष्टी हव्यात: अनुक्रमांक १ ते ९, रक्कम, दुकानाचा शिक्का, मालकाची सही आणि मुदत. मुदत ३१ मार्चपर्यंत ठेवा. ‘एकदाच वापरावे, रोख मिळणार नाही’ ही ओळही छापून घ्या. कूपनाच्या बाबतीत नेहमी होणारी चूक गल्ल्यावर घडते. मालकाने सही केलेली असते, पण बक्षीस घेऊन मूल जातं तेव्हा गल्ल्यावर दुसरंच कुणी बसलेलं असतं आणि ते म्हणतं, ‘आम्हाला माहीत नाही.’ यासाठी नऊ क्रमांकांची आणि रकमांची यादी मालकाला द्या आणि ती गल्ल्याजवळ चिकटवायला सांगा. वापरलेल्या कूपनावर फुली मारली की दोघांचा हिशेब सरळ राहतो.

स्पर्धेनंतर आठवड्याच्या आत एक पानभर कागद दुकानात नेऊन द्या. प्रत्यक्ष किती जण आले (८० पैकी ७१ आले असतील तर ७१ च लिहा), कोणतं कूपन कोणत्या गटात गेलं, उरलेल्या पेन्सिली किती, आणि फलकासह मालक बक्षीस देतानाचा एक फोटो. उरलेल्या पेन्सिली त्याच वेळी परत करा. एखादा विजेता बक्षीस न घेताच निघून गेला असेल तर त्याच्या पालकांना फोन करून बोलवा, आणि तरीही कुणी आलं नाही तर ते कूपन क्रमांकासह दुकानात परत देऊन यादीवर मालकाची सही घ्या.